एक स्क्रीनशॉट, चार प्रती

मुंबईहून कोलकात्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग महाराष्ट्राचा निरोप घेतो, तो गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात. पलीकडे छत्तीसगड. रात्रंदिवस ट्रकांची रांग, दोन्ही अंगांना जंगल आणि मधूनमधून धानाच्या बांध्या. चिचगड-ककोडीकडच्या माणसाला बँकेचे, तहसीलचे किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या धान खरेदीचे काम निघाले की देवरी गाठावी लागते. पूर्वी अशा कामाला निघताना कापडी पिशवीत सातबारा, रेशनकार्ड आणि पासबुक असे. आज ती पिशवी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये शिरली आहे. खिडकीपलीकडच्या साहेबांनी "नोंदणी झाली का?" असे विचारले की काकाजी चष्मा कपाळावर सरकवतात, फोन काढतात आणि बोटाने चित्रे सरकवू लागतात. पाहिजे तो कागद सापडेपर्यंत शेकडो स्क्रीनशॉट डोळ्यांपुढून जातात.

स्क्रीनशॉट म्हणजे फोनच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसते आहे त्याचे जसेच्या तसे चित्र. दोन बटणे एकदम दाबली की काम झाले. शाई नको, झेरॉक्स नको, पैसा नको. त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार पावतीसारखा रुजला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा पिकाचा फोटो अॅपमध्ये भरल्यावर "माहिती अपलोड झाली" हे वाक्य लोकांनी टिपून ठेवले. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा घरोघरी अर्जाच्या स्थितीचे स्क्रीनशॉट निघाले. धानाचे चुकारे खात्यात आले की त्याचा एक, किराणा दुकानात पैसे चुकते केले की त्याचा एक, मुलाने दाखवलेल्या वेळापत्रकाचा एक. यात गैर काहीच नाही. प्रश्न निर्माण होतो तो पुढे. हे चित्र फोनमध्ये स्वस्थ बसत नाही, ते प्रवासाला निघते.

हा प्रवास नीट पाहिला तर पुष्कळशा घरांतले एक कोडे सुटते. कोडे असे, की हजारो चित्रे पुसली तरी "स्टोरेज भरले आहे" ही सूचना काही हटत नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये गूगल फोटोज नावाचे अॅप बहुधा विकत घेतानाच असते. त्याचे एक काम म्हणजे बॅकअप, अर्थात फोनमधल्या चित्राची प्रत इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर नेऊन ठेवणे. यालाच लोक क्लाउड म्हणतात. शब्दाचा अर्थ ढग असला तरी हा ढग जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींत ओळीने मांडलेली यंत्रे, आणि त्यांत आपल्या नावाचा एक कप्पा. गूगलच्या खात्याला हा कप्पा फुकटात १५ जीबीचा मिळतो. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरायला हवी. हे १५ जीबी फक्त फोटोंचे नाहीत. जीमेलची पत्रे, ड्राइव्हमधल्या फाइली आणि फोटो या तिघांचा तो सामाईक कप्पा आहे. एकत्र कुटुंबातल्या कोठीसारखे आहे हे. एका जावेने कोठी भरली की दुसरीच्या धानाला जागा उरत नाही.

हे अॅप आले २०१५ च्या मे महिन्यात. तेव्हा थोड्या दाबलेल्या, 'उच्च दर्जा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आकारात कितीही फोटो ठेवा, मोजदाद नाही, असा कारभार होता. पुढच्या वर्षी देशात मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. फुकट जागा आणि स्वस्त इंटरनेट असा योग जुळल्यावर नकार कोण देणार? अॅपने विचारले, "हे फोल्डरही बॅकअप करायचे का?" आणि घराघरांतून उत्तर गेले, "हो." कॅमेऱ्याचे फोल्डर होतेच. त्याच्या जोडीला स्क्रीनशॉटचे आणि व्हॉट्सअॅपच्या चित्रांचे फोल्डरही चालू झाले. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि मुलांचा गृहपाठ फोनवर येऊ लागला, तशी चित्रांची आवक आणखी वाढली.

मग १ जून २०२१ उजाडला. त्या दिवसापासून वर चढणारे प्रत्येक चित्र १५ जीबीत मोजले जाऊ लागले. नियम बदलला, पण आपण पूर्वी दिलेला "हो" तसाच राहिला. फुकटच्या दिवसांत उघडलेली तोटी पाण्याला मीटर बसल्यावरही चालूच राहावी, तसा हा प्रकार झाला.

लोक म्हणतील, स्क्रीनशॉट तो केवढासा! त्याने कोठी कशी भरेल? यासाठी थोडा हिशोब करू. बहुतेक फोनचा पडदा आज १०८० ठिपके रुंद आणि २४०० ठिपके उंच असतो, म्हणजे एकूण सुमारे २६ लाख ठिपके. पुष्कळ फोन स्क्रीनशॉट पीएनजी नावाच्या पद्धतीने साठवतात. १९९६ मध्ये आलेल्या या पद्धतीचा गुण असा, की ती एकही ठिपका बदलत नाही, म्हणून अक्षरे कोरल्यासारखी स्पष्ट राहतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे असतील, तर एकाच रंगाचे मोठाले पट्टे थोडक्यात लिहून तिचे काम भागते आणि फाइल दोन-चारशे केबीत बसते. पण पडद्यावर फोटो असेल, किंवा शिकवणीचा व्हिडिओ थांबवून चित्र घेतले असेल, तर शेजारशेजारचे ठिपके सारखे नसतात. मग तोच स्क्रीनशॉट दोन-तीन एमबीचा होतो. काही कंपन्यांचे फोन जेपीजी पद्धत वापरतात, तिथे आकार जरा आटोक्यात राहतो.

आता समजा, देवरीतल्या एका घरात मुलगी पोलीस भरतीची किंवा तलाठी परीक्षेची तयारी करते आहे. ती रोज फोनवर व्हिडिओ पाहते, फळ्यावरचे टिपण दिसले की चित्र घेते. चालू घडामोडी, गणिताच्या युक्त्या, जुन्या प्रश्नपत्रिका धरून दिवसाला २५ चित्रे म्हणजे काही फार नाहीत. सरासरी दीड एमबी धरली तर दिवसाला साडेसदतीस एमबी, महिन्याला सव्वा अकराशे एमबी, म्हणजे १ जीबीच्या थोडे वर. पत्रांनी आणि जुन्या फायलींनी ३ जीबी आधीच अडवलेले असतील तर उरतात १२. अकराव्या महिन्यात कोठी काठोकाठ भरते. बारशाचा, लग्नाचा एकही फोटो त्यात अजून धरलेला नाही!

यात आणखी एक भर आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. याच मुलीने आपल्या अर्जाच्या पावतीचा स्क्रीनशॉट घेतला आणि मामाजींना व्हॉट्सअॅपवर पाठवला. आता त्या एका चित्राच्या किती प्रती झाल्या? एक फोनच्या स्क्रीनशॉटच्या फोल्डरमध्ये. दुसरी गूगल फोटोजने वर नेलेली. तिसरी व्हॉट्सअॅपने पाठवताना स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली, आकाराने लहान. आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप चालू असेल तर चौथी त्या बॅकअपमध्ये, पुन्हा वरच. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या मोजमापात धरत नसत, २०२४ पासून तोही १५ जीबीत मोजला जातो. म्हणजे दोन प्रती फोनची जागा खातात आणि दोन खात्याची. मामाजींच्या फोनमध्ये काय झाले असेल, तो हिशोब वेगळाच.

कोठी भरली तर बिघडते काय? नवे फोटो वर जाणे थांबते, एवढेच असते तर चिंता नव्हती. पण कप्पा सामाईक असल्यामुळे जीमेलही थांबते. पत्र जात नाही आणि येतही नाही. आलेले पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. भरतीच्या अर्जाला दिलेला ईमेल हाच असेल, तर प्रवेशपत्राची सूचना किंवा पडताळणीचा आकडा याच पत्त्यावर येणार. टपालपेटी तोंडापर्यंत भरलेली पाहून पोस्टमन पाकीट परत घेऊन जावा, तसे होते. खेड्यातल्या मुलीला वाटते, जाहिरातवाल्यांनी काही कळवलेच नाही. भरलेला कप्पा तसाच दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिला, तर त्यातला मजकूर पुसून टाकण्याचा अधिकारही कंपनीने नियमांत राखून ठेवलेला आहे.

आता त्या कोड्याकडे येऊ. घरात सूचना झळकली की कुणीतरी फोन हातात घेतो, फोनच्या स्वतःच्या गॅलरीत जातो आणि दोन-तीन हजार चित्रे पुसतो. फोन हलका होतो, पण खाते भरलेले ते भरलेलेच. कारण पुसली ती फोनमधली प्रत, वर गेलेली तशीच आहे. गूगल फोटोज उघडले की तीच चित्रे पुन्हा दिसतात आणि माणूस चक्रावतो. मग तो अॅपमधले `Free up space` हे बटण दाबतो. नाव ऐकून वाटते की आता कोठी मोकळी होणार. प्रत्यक्षात हे बटण नेमके उलट्या अंगाचे आहे. ज्यांची प्रत वर पोचली आहे अशी चित्रे ते फोनमधून काढते, वरच्यांना हात लावत नाही. फोनमध्ये जागा नसेल तर ते उपयोगी, खात्यात जागा नसेल तर निरुपयोगी.

तिसरी गंमत याहून गंभीर आहे. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमध्ये जाऊन चित्र पुसले, तर ते वरूनही जाते आणि फोनमधूनही जाते. "वरचे पुसतो, फोनमधले राहीलच" अशा समजुतीने कित्येकांनी घरचे जुने फोटो घालवले आहेत. तेव्हा सूत्र असे ठेवावे. गॅलरीत पुसले तर फोनमधले जाते, `Free up space` ने फोनमधले जाते, आणि गूगल फोटोजमध्ये पुसले तर दोन्हीकडचे जाते. हे एकदा मनात बसले की पुढची कामे सोपी आहेत. फक्त ती क्रमाने करायला हवीत.

पहिले काम मोजणीचे. फोनवर `one.google.com/storage` हे पान उघडावे. तिथे पत्रे, ड्राइव्ह आणि फोटो यांनी किती किती जागा घेतली ते वेगवेगळे दिसते. फोटोंचा वाटा थोडा असेल तर स्क्रीनशॉटवर राग काढण्यात अर्थ नाही, दोषी दुसराच आहे.

दुसरे काम तोटी बंद करण्याचे, आणि ते पुसण्याच्या आधी करायचे. गूगल फोटोजमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावे, तिथून `Photos settings`, मग `Backup` आणि मग `Back up device folders` असे जावे. फोल्डरांची यादी येते. त्यात `Screenshots` आणि `WhatsApp Images` यांच्यापुढची कळ बंद करावी. कॅमेऱ्याचे फोल्डर चालू राहू द्यावे. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर लेकराबाळांचे फोटो वाचतात ते त्याच्यामुळेच. कळ बंद केल्याने आधी वर गेलेली चित्रे खाली येत नाहीत की पुसलीही जात नाहीत. फक्त नवी जाणे थांबते.

तिसरे काम निवडण्याचे. यादी पुसण्याआधी खरोखर लागणारी चित्रे बाजूला काढावीत. अर्जाचे क्रमांक वहीत उतरवावेत. एखादे चित्र ठेवायचेच असेल तर त्याची प्रत घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर नेऊन ठेवावी आणि ती तिथे उघडते की नाही ते पाहावे. घाईत दोन मिनिटे वाचवायला गेल्यास पुढे दोन दिवस शोधाशोध करावी लागते.

चौथे काम पुसण्याचे. `photos.google.com/quotamanagement` या पानावर गूगलने जागा खाणाऱ्या चित्रांचे गट करून ठेवलेले असतात. मोठे फोटो-व्हिडिओ, अस्पष्ट फोटो आणि स्क्रीनशॉट असे ते गट. या पानाचा फायदा असा, की इथे मोजली जाणारी चित्रेच दिसतात. जून २०२१ च्या आधी 'उच्च दर्जा'त वर गेलेले फोटो मोजणीत धरलेलेच नाहीत. ते पुसून खात्यात एक तसूभरही जागा होत नाही. जागा करण्याच्या नादात २०१८ सालचे आजीचे फोटो उडवणारी माणसे आहेत. आजी गेली आणि जागाही झाली नाही! मात्र त्या वेळी 'मूळ दर्जा' निवडलेला असेल तर ते फोटो मोजले जातात. म्हणून अंदाजाने न जाता या पानावर काय दिसते ते पाहून ठरवावे. शिवाय स्क्रीनशॉटच्या गटात कधीकधी दुसरेही चित्र येते. यंत्राने केलेले वर्गीकरण आहे ते, एकदम सगळे न निवडता नजर टाकत जावे.

पाचवे आणि शेवटचे काम कचऱ्याचे. पुसलेली चित्रे लगेच नाहीशी होत नाहीत. वर गेलेले चित्र `Bin` किंवा `Trash` नावाच्या टोपलीत ६० दिवस पडून असते. चुकून पुसलेले परत आणायला ही सोय चांगली आहे. खात्री पटल्यावर मात्र टोपली रिकामी करावी. त्यानंतरही आकडा लगेच खाली आला नाही तर घाबरू नये, हिशोब जुळायला काही वेळ लागतो.

ज्यांच्या हाती आयफोन आहे त्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे आयक्लाउडचा फुकट कप्पा ५ जीबीचाच आहे आणि फोटोंचे बॅकअप चालू असेल तर स्क्रीनशॉट वेगळे काढून ठेवण्याची कळ नाही. सगळे एका माळेतले मणी. एके ठिकाणी पुसलेले सगळीकडून पुसले जाते आणि ३० दिवस 'नुकतेच पुसलेले' या टोपलीत राहते. म्हणून तिथे शिस्त चित्र घेतल्याबरोबरच पाळावी लागते. कोपऱ्यात आलेल्या लहान चित्रावर बोट ठेवायचे, पाहिजे त्याला पाठवायचे आणि तिथल्या तिथे पुसायचे.

मूळ प्रश्न मग असा उरतो, की एवढे स्क्रीनशॉट लागतात तरी कशाला? आपण ते पुरावा म्हणून घेतो. पण पैशाच्या व्यवहारात पडद्याचे चित्र हा पुरावाच नव्हे. तसे चित्र बनवता येते, आणि बनावट चित्र दाखवून दुकानदाराला गंडा घालणारे भामटे असतात. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी क्रमांक असतो, तो आणि बँकेच्या खात्यातली नोंद हाच खरा पुरावा. व्यवहारांची यादी अॅपमध्ये असते, बँकेचे विवरणही पीडीएफ स्वरूपात काढता येते. महिन्याचे एक पान शंभर चित्रांचे काम करते आणि जागा एखाद्या चित्राएवढीच घेते. सातबाऱ्याचेही तसेच. पडद्याचे चित्र खिडकीवर चालेलच असे नाही, डिजिटल सहीचा उतारा चालतो.

अभ्यासाचे स्क्रीनशॉट हे आणखी वेगळे. फळ्याचे चित्र घेतले की वाटते, विषय आला. हजार चित्रांतून भूगोलाचे एक टिपण परीक्षेच्या आदल्या रात्री शोधून पाहावे, म्हणजे ते किती हाताशी आहे हे कळते. चार ओळी वहीत उतरवल्या तर त्या सापडतात आणि ध्यानातही राहतात.

एका बाबतीत मात्र जागेपेक्षा जपणूक मोठी आहे. आधार कार्ड, एटीएमचे आकडे, पासवर्ड यांचे स्क्रीनशॉट पुष्कळ फोनांत असतात. फोनमधून ते पुसले तरी वरची प्रत राहते हे आता आपण पाहिलेच. खात्याचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, किंवा जुना फोन खाते न काढता विकला, तर ती प्रत त्याच्यापुढे उघडी. वर्गवारी करायला बसाल तेव्हा सर्वांत आधी हीच चित्रे शोधावीत.

दरमहा पैसे भरून जास्त जागा विकत घेता येते, आणि ज्यांच्याजवळ खरेच जपण्यासारखे फोटो पुष्कळ आहेत त्यांनी ती घ्यायला हरकत नाही. मात्र तोटी उघडीच ठेवून मोठी टाकी आणली, तर तीही भरणारच.

घरात भरतीचा अर्ज भरलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम पुढच्या रविवारवर टाकू नये. जागा मोकळी झाल्यावर नवी पत्रे येऊ लागतात, पण कोठी भरलेली असताना परत गेलेली पत्रे आपोआप फिरून येत नाहीत. म्हणून जागा झाल्याबरोबर ज्या ज्या संकेतस्थळांवर अर्ज केले आहेत तिथे स्वतः जाऊन आपली स्थिती एकदा पाहून घ्यावी. आणि त्या स्थितीचा स्क्रीनशॉट घेण्याआधी अर्जाचा क्रमांक वहीत लिहिला आहे ना, तेवढे बघावे.